पगाराच्या आदल्या दिवशी गेलेले पैसे

तारीख पाच डिसेंबर, वार शुक्रवार. रक्कम सहा लाख पंचाहत्तर हजार. हजर दोघं: मी आणि माझी बायको. स्थळ पालघरमधलं आमचं घर, स्वयंपाकघराला लागून असलेलं जेवणाचं टेबल.

आमच्या एमआयडीसीला साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी. मी बोईसरच्या एका छोट्या केमिकल कंपनीत गेली अठरा वर्षं हिशेब पाहतो. कामगार एकतीस. पगार दर महिन्याला सात तारखेच्या आत द्यायचा. या वेळी सात तारखेला रविवार होता, म्हणून शनिवारी, सहा तारखेलाच द्यायचं ठरलं होतं. पगारपत्रक मी घरीच तपासत होतो. एकूण बेरीज सहा लाख ब्याण्णव हजार तीनशे पन्नास. खात्यात आठ लाख एकतीस हजार दोनशे सहा होते, म्हणजे पगार भागून वर काही उरत होतं. वापीच्या एका गिऱ्हाइकाचं येणं जमा झालं का, एवढंच पाहायला मी दहा वाजून त्रेपन्न मिनिटांनी मोबाइलवर ई-मेल उघडली.

वापीचं काही नव्हतं. बँकेच्या दोन मेल होत्या. दहा बेचाळीसला चार लाख ऐंशी हजार खात्यातून वजा. दहा सत्तेचाळीसला एक लाख पंच्याण्णव हजार वजा. दोन्ही पैसे कुठल्या तरी दोन माणसांच्या नावे गेले होते. ती नावं मी आयुष्यात ऐकली नव्हती.

पहिल्यांदा वाटलं, शेठनी काही भरलं असेल. मालक त्या दिवशी वलसाडला होते. फोन लावला.

“शेठ, तुम्ही आत्ता कुणाला पैसे पाठवलेत?”

“मी? मी तर नाश्ता पण केला नाही अजून. कसले पैसे?”

“नंतर सांगतो,” म्हणून मी फोन ठेवला. माझा चेहरा पाहून बायको हातातली वालाची शेंग तशीच धरून उभी राहिली.

“काय झालं?”

“कंपनीचे पैसे गेले. पावणेसात लाख. पगाराचे.”

ती बचत गटाची अध्यक्ष आहे. महिन्यापूर्वी त्यांच्या बैठकीत पोलीस ठाण्यातल्या एक बाई येऊन गेल्या होत्या आणि फसवणूक झाली तर काय करायचं ते सांगून गेल्या होत्या. मी तेव्हा घरातच बसून पेपर वाचत होतो आणि हसलो होतो, हे ती अजूनही सांगते.

“अहो, बसू नका. तुम्ही बँकेला लावा, मी सायबरच्या सरकारी नंबरावर लावते. नंबर इंटरनेटवर शोधू नका हं, तिथे खोटे असतात. चेकबुकच्या मागे बघा.”

चेकबुक कार्यालयात होतं. पण खात्याच्या एका जुन्या विवरणपत्रावर ग्राहक सेवेचा नंबर छापलेला होता आणि ते कागद मी घरी फाइलमध्ये लावतो. तो लावला. यंत्र बोलत राहिलं, इंग्रजीसाठी हे दाबा, हिंदीसाठी ते दाबा. संशयास्पद व्यवहार कळवण्याचा पर्याय लागला तेव्हा घड्याळात दहा अठ्ठावन्न झाले होते. पलीकडे एक मुलगी आली. मराठीत बोलली, आवाज शांत.

तिने खात्याचा क्रमांक विचारला, कंपनीचं नाव, मी कोण, खात्यावर सही कुणाची. मग दोन्ही व्यवहारांचे संदर्भ क्रमांक विचारले. बारा-बारा आकडे. मी मेलमधून वाचून दाखवले आणि तिने उलट वाचून दाखवले. ही सवय मला आवडली.

“सर, हे व्यवहार तुमच्याच लॉगिनने झालेत, ओटीपीसुद्धा बरोबर पडलाय. तुम्ही कुणाला पासवर्ड किंवा ओटीपी सांगितला होता का? काही लिंक, काही ॲप?”

इथे मी थांबलो. आदल्या दिवशीची, गुरुवारची गोष्ट मला त्याच क्षणी आठवली, आणि आठवली म्हणजे पूर्ण आठवली.

गुरुवारी सव्वादहाला आमचा डिस्पॅचवाला कंपनीचा मोबाइल घेऊन माझ्या टेबलापाशी आला होता. चिंचणीचा माणूस, चाळिशीचा, टेम्पोत माल चढवण्याचं आणि बिलं पाठवण्याचं काम त्याच्याकडे. टेम्पोच्या नावे वाहतुकीचं चलान आल्याचा मेसेज होता, सोबत एक फाइल. त्याने फाइल उघडली होती, ते एक ॲप निघालं, आणि त्यात पाचशे रुपये भरा असं पान आलं होतं. हायवेवर आमच्या टेम्पोला महिन्यातून एखादं चलान येतंच. त्याने विचारलं, “साहेब, पाचशेचं चलान हाय. भरू का?”

दंड थकलेला मला खपत नाही. थकला की वाढतो, आणि वाढलेला दंड कुठल्या सदरात टाकायचा हा प्रश्न शेवटी माझ्याकडेच येतो. मी म्हणालो, दे इकडे. त्या पानावर आमच्या बँकेचं चिन्ह होतं. मी नेट बँकिंगचा आयडी टाकला, पासवर्ड टाकला, आणि व्यवहारासाठीचा दुसरा पासवर्डही टाकला. पान म्हणालं, सर्व्हर व्यस्त आहे, नंतर प्रयत्न करा. मी वहीत लिहिलं: टेम्पो चलान, पाचशे, बाकी.

आता यात आणखी दोन गोष्टी होत्या, आणि दोन्ही माझ्या. पूर्वी बँकेच्या मेसेजसाठी वेगळा मोबाइल होता आणि डिस्पॅचसाठी वेगळा. दोन वर्षांपूर्वी मी दोन्ही एक केले. एका सिमचा रिचार्ज वाचला, वर्षाला जवळजवळ चार हजार. शेठनी तेव्हा माझी पाठ थोपटली होती. दुसरी गोष्ट म्हणजे बँकेच्या अर्जात दोन पर्याय होते. एकाने व्यवहार भरायचा आणि दुसऱ्याने मंजूर करायचा, किंवा एकानेच दोन्ही करायचं. शेठ सारखे फिरतीवर, म्हणून एकाचा पर्याय. त्या चौकोनात खूण माझ्या पेनने केलेली आहे.

“सर? ऐकू येतंय का?”

“येतंय,” मी म्हणालो. “काल सकाळी सव्वादहाला मी स्वतः पासवर्ड टाकला. चलानचं खोटं ॲप होतं. ओटीपी ज्या मोबाइलवर येतो त्याच मोबाइलवर ते ॲप आहे.”

“म्हणजे ते ॲप तुमचे मेसेज पुढे पाठवतंय. सर, मग नुसता पासवर्ड बदलून उपयोग नाही, नवा ओटीपीसुद्धा त्यांच्याकडेच जाईल. मी तुमचा पूर्ण युजरच बंद करते आणि खात्यातून पैसे बाहेर जाणं थांबवते. आत येणारे येतील. चालेल?”

“चालेल.”

“अकरा चार झालेत. बंद केलंय. तक्रार क्रमांक लिहून घ्या.”

मी वालाच्या शेंगांखाली ठेवलेल्या पेपरच्या कोपऱ्यावर लिहून घेतला. तिने पुढे सांगितलं की शाखेत जाऊन लेखी अर्ज द्या, आजच द्या, आणि त्या मोबाइलचं सिम काढून तो बंद करून ठेवा.

तिकडे बायको दुसऱ्या फोनवर जोरजोराने आकडे सांगत होती. ती माझ्या मोबाइलवरची मेल पाहून सांगत होती आणि मी त्याच मोबाइलवर स्पीकर लावून बोलत होतो, त्यामुळे ती मला खेटून उभी होती. पलीकडच्या पोलिसाने पैसे कुठल्या बँकेत गेले, कुठल्या खात्यात, किती वाजता, सगळं नोंदवून घेतलं आणि पोचक्रमांक दिला. पैसे पुढच्या बँकेत जिथे असतील तिथे रोखायला सांगतो, म्हणाला, आणि चोवीस तासांच्या आत पोर्टलवर पूर्ण तक्रार भरा.

फोन ठेवून ती माझ्याकडे वळली.

“पासवर्ड तुम्ही टाकलात?”

“हो.”

“मला भाजीवाल्याला यूपीआय करताना तीनदा नाव वाचायला लावता.”

“हो.”

“बरं, शर्ट बदला. मी पण येते.”

स्कूटरवर ती मागे, मांडीवर फाइल. पालघरहून बोईसरच्या शाखेकडे निघालो. उमरोळीच्या पुढे ती म्हणाली, “हळू चालवा, आता अजून एक चलान नको.” मला हसू आलं. त्या दिवशीचं ते पहिलं हसू.

शाखेत नेहमीसारखी गर्दी होती. शुक्रवारी आमच्या भागातले कामगार मोकळे असतात, त्यामुळे पासबुक भरून घ्यायला सगळे त्याच दिवशी येतात. आमच्या शाखेच्या व्यवस्थापक एक बाई आहेत, पन्नाशीच्या, चष्मा डोक्यावर सरकवून बोलणाऱ्या. त्यांनी आम्हाला आत बसवलं, संगणकात पाहिलं, आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली.

“हे बघा. काल दहा अडतीस आणि दहा चाळीसला दोन नवी नावं जोडली गेली. नवीन नावाला मोठी रक्कम चोवीस तास जात नाही. चोवीस तास झाल्याबरोबर आज दहा बेचाळीस. नाव जोडल्याची मेल तुम्हाला काल आली असणार.”

मी मोबाइल पाहिला. आली होती. गुरुवारी सकाळी, कर्जाच्या ऑफरच्या आणि विम्याच्या मेलच्या मध्ये. न उघडलेली.

“आणि हे,” त्यांनी बोटाने खालची ओळ दाखवली. “अकरा सहाला तिसरा प्रयत्न. दीड लाख. नामंजूर, युजर बंद.”

अकरा चारला बंद केलं होतं. दोन मिनिटं. मी नुसता पासवर्ड बदलला असता तर ते दीड लाखही गेले असते. बायकोने माझ्या दंडावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला, कारण व्यवस्थापक बाई बघत होत्या.

“आता अर्ज लिहून द्या,” बाई म्हणाल्या. “खातं क्रमांक, दोन्ही व्यवहारांची तारीख, वेळ, रक्कम, संदर्भ क्रमांक, समोरच्या खात्यांचे तपशील. फोनवर तक्रार कधी दिली, सरकारी पोचक्रमांक काय. आणि कसं झालं ते. पैसे समोरच्या बँकेत रोखून ठेवायची विनंती करा. मी आत्ताच वरच्या कार्यालयाला मेल टाकते, तेही त्या बँकांना कळवतील.”

मी कोरा कागद घेतला. तेवढ्यात शेठचा फोन आला. बाहेर जाऊन घेतला. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी दोन्ही रकमा पुन्हा विचारून घेतल्या.

“पासवर्डचं लिहू नका,” मग म्हणाले. “लिहा की आम्ही काहीच केलं नाही, पैसे आपोआप गेले. पासवर्ड आपण दिला असं लिहिलं तर बँक हात वर करणार. नियमच आहे ना तो?”

नियम तोच आहे. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे गेलं, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. कळवल्यानंतर गेलं तर बँकेचं. मी फोनवर मान हलवली, जी त्यांना दिसली नाही.

“पण मी फोनवर त्या मुलीला सांगून बसलोय, शेठ.”

“कशाला सांगितलंत?”

“सांगितलं म्हणून दीड लाख वाचले.”

“आणि पावणेसात गेले ते? ते तुमच्या पगारातून कापू का मी?”

ते रागात बोलले. त्यांना तसं म्हणायचं नव्हतं हे मला माहीत होतं, तरी माझ्या डोक्यात भागाकार आपोआप झाला. माझा पगार अडतीस हजार. सहा लाख पंचाहत्तर हजार भागिले अडतीस हजार, म्हणजे सतरा महिने आणि वर एकोणतीस हजार. न खाता न पिता.

“कापा,” मी म्हणालो, “पण खोटं लिहून सही माझी नको. बँकेकडे सगळी नोंद आहे. उद्या पोलीस तोच मोबाइल उघडणार. त्यात ॲप सापडलं आणि कागदावर वेगळं असलं, तर मिळणारे पैसेही अडकतील.”

फोन कट झाला. आत येऊन मी अर्ज लिहिला. त्याची प्रत माझ्याकडे आहे, त्यातला मधला भाग असा:

“दि. ४ डिसेंबर रोजी सकाळी सव्वादहाच्या सुमारास कंपनीच्या मोबाइलवर आलेल्या वाहतूक चलानच्या खोट्या ॲपमध्ये मी, खाली सही करणार, याने नेट बँकिंगचा आयडी व दोन्ही पासवर्ड स्वतः टाकले. ओटीपी कोणालाही सांगितलेला नाही. ओटीपी येणारा मोबाइल हाच असल्याने मेसेज त्याच ॲपमार्फत बाहेर गेले असावेत. वरील दोन्ही व्यवहार कंपनीने केलेले नाहीत व त्यास कंपनीची संमती नाही. कृपया दोन्ही रकमा समोरील खात्यांत तातडीने रोखून ठेवाव्यात, युजर कायमचा बंद करावा आणि लेखी उत्तर द्यावे.”

बायकोने वाचलं. “तातडीने दोनदा लिहा,” म्हणाली. मी एकदाच ठेवलं.

व्यवस्थापक बाईंनी दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारला, वेळ घातली: दुपारी बारा चाळीस. मी त्यांना विचारलं, “मॅडम, पासवर्डचं लिहिलं ते बरोबर केलं का?”

“मी सल्ला देऊ शकत नाही,” त्या म्हणाल्या. चष्मा डोळ्यांवर घेतला. “पण असा अर्ज मी पहिल्यांदाच बघतेय. बाकीचे सगळे लिहितात की झोपेत पैसे गेले.”

तिथून कारखान्यावर. सुट्टीच्या दिवशी आमच्या गल्लीत नुसत्या कुत्र्यांचा वावर असतो. गेटवर आमचा वॉचमन, जव्हारकडचा, दहा वर्षांपासून आहे.

“साहेब, आज तुमी? सुट्टी हाय ना?”

“ऑफिस उघडायचंय.”

“सकाळधरनं आत फोन वाजतंय. टिंग, टिंग, टिंग. मी म्हटलं, साहेबांचा फोन कुणी विचारतंय. पण चावी माझ्याकडं नाय.”

मोबाइल माझ्या ड्रॉवरमध्ये होता, गुरुवारी संध्याकाळी मीच ठेवून कुलूप लावलेला. उघडला तर मेसेजच्या यादीत बँकेचा एकही नवा मेसेज नाही. आले होते, ते पुढे गेले आणि पुसले गेले. मोबाइल बंद केला, सिम काढलं, पाकिटात घातलं, पाकिटावर वेळ लिहिली.

तेवढ्यात डिस्पॅचवाला मोटारसायकलवरून आला. मीच बोलावलं होतं. येताना त्याने चिंचणीहून बोंबलाची पिशवी आणली होती, बहुतेक घरून निघताना हातात होती तशीच.

“साहेब, मोबाइल द्या, मी रिसेट मारतो. सगळं साफ.”

“हात लावू नको. पोलिसांना दाखवायचाय.”

“माझं नाव येईल का?”

“तू फाइल उघडलीस, एवढं येईल.”

त्याने बोंबलाची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, “मी नुसता दाखवला, साहेब. टाकलात तुमी.”

“बरोबर,” मी म्हणालो.

बायको हसली. तो घाबरून म्हणाला, “वहिनी, मी तसं नाय बोललो.” “तसंच बोललास,” ती म्हणाली, “आणि बरोबर बोललास. बोंबील किती आहेत?”

संध्याकाळी पालघरच्या सायबर पोलीस ठाण्यात अर्जाची प्रत, दोन्ही मेलच्या छापील प्रती, गेल्या दोन दिवसांचं खात्याचं विवरण आणि मोबाइल दाखवला. हवालदार तरुण होते. मोबाइल रिसेट केला नाही याबद्दल त्यांनी माझं कौतुक केलं, तेवढंच. पोर्टलवरची तक्रार त्यांनीच समोर बसून पूर्ण करून घेतली, एफआयआर नोंदवला आणि मोबाइल तपासायला ठेवून घेतला.

प्रश्न होता शनिवारच्या पगाराचा. खात्यात शिल्लक एक लाख छप्पन्न हजार एकशे ब्याऐंशी रुपये चाळीस पैसे. चाळीस पैसे का, तर बँकेने त्या दोन चोरीच्या व्यवहारांचं शुल्क म्हणून तेवीस रुपये साठ पैसे आमच्याकडूनच घेतले होते. कमी पडत होते पाच लाख छत्तीस हजार.

शेठ रात्री आठच्या गाडीने आले, थेट आमच्या घरी. बायकोने ताट वाढलं. जेवताना ते म्हणाले, “बायकोच्या नावाची एक एफडी आहे. उद्या सकाळी मोडतो. पाच चाळीस कंपनीत टाकतो. पगार थांबवायचा नाही. उद्या एक कामगार म्हणाला की पगार चोरीला गेला, तर परवा अख्ख्या एमआयडीसीत तेच.”

“वहिनींनी हो म्हटलं?”

“तिला सांगितलं नाही अजून.”

माझी बायको म्हणाली, “शेठ, आधी सांगा. हिशेब नंतर.”

त्यांनी तिथेच ताटावर बसून फोन लावला. पलीकडून काय बोललं गेलं ते आम्हाला ऐकू आलं नाही, पण शेठ चार वेळा “हो, चूक आपली” म्हणाले. आपली, असं म्हणाले.

शनिवारी बँक चालू होती, पहिला शनिवार. एफडी मोडली, पैसे कंपनीच्या खात्यात आले. बाहेर जाणं बंद होतं, म्हणून व्यवस्थापक बाईंनी शेठची सही असलेला चेक आणि एकतीस जणांची यादी घेतली, शेठना समोर बसवून खात्री केली, वरून तेवढ्यापुरती परवानगी मागवली, आणि यादीप्रमाणे पैसे सोडले. दुपारी साडेतीनला कामगारांच्या मोबाइलवर मेसेज वाजायला लागले. रिॲक्टरवरचा एक ऑपरेटर, उत्तर प्रदेशचा, मला म्हणाला, “साहब, हर बार सुबह आता है, आज लेट. बँक सो रही थी क्या?” मी म्हणालो, “मैं सो रहा था.” त्याला वाटलं मी गंमत करतोय.

बुधवारी व्यवस्थापक बाईंचा फोन आला. पहिला शब्द “ऐका” होता, आणि मी कागद-पेन पुढे ओढलं.

“एक लाख पंच्याण्णव हजार त्या दुसऱ्या खात्यात तसेच होते. पूर्ण रोखलेत. चार लाख ऐंशीमधले तीन साठ रोखलेत. एक लाख वीस त्यांनी पुढे आणखी एका खात्यात टाकले होते, त्यातले चाळीस तिथे सापडले. बाकी ऐंशी हजार एटीएममधून काढले गेलेत.”

मी कागदावर बेरीज केली. पाच लाख पंच्याण्णव हजार. पुन्हा केली. तेवढेच. बायकोला फोन करून आकडा दोनदा सांगितला. ती म्हणाली, “बरं, आता पाणी प्या.” संध्याकाळी घरी गेलो तर तिने शिरा केला होता आणि कशासाठी ते बोलली नाही.

रोखलेले पैसे लगेच मिळत नाहीत हे मात्र तेव्हा कळलं. पालघरच्या न्यायालयात वकिलामार्फत अर्ज करावा लागला, पोलिसांचं म्हणणं दाखल झालं, पैसे आमचेच असल्याचं विवरण दिलं, आणि पुढे कुणी दावा केला तर परत करू असं बंधपत्र शेठनी लिहून दिलं. वकिलाने पोलिसांच्या म्हणण्यातलं एक वाक्य मला वाचून दाखवलं. अर्जदाराने पहिल्याच फोनवर आणि लेखी अर्जात दिलेली माहिती मोबाइलमध्ये सापडलेल्या गोष्टींशी जुळते, म्हणून पैसे परत देण्यास हरकत नाही. शेठ शेजारीच बसले होते. त्यांनी वकिलाला ते वाक्य परत वाचायला लावलं.

न्यायालयाचा आदेश फेब्रुवारीत झाला. चोवीस फेब्रुवारीला पाच लाख पंच्याण्णव हजार कंपनीच्या खात्यात जमा झाले. त्या दिवशी मेल मी ताबडतोब उघडली. आता सगळ्याच उघडतो, विम्याच्यासुद्धा.

ऐंशी हजारांचं बँकेचं लेखी उत्तर त्याआधीच आलं होतं. पासवर्ड ग्राहकाने दिला, कळवण्याआधीचं नुकसान ग्राहकाचं. शुल्काचे तेवीस रुपये साठ पैसे मात्र बँकेने परत केले, आणि ते पाहून शेठ मोठ्याने हसले. मी त्यांच्या केबिनमध्ये गेलो आणि म्हणालो, “ऐंशी हजार माझ्याकडून घ्या. महिन्याला पाच हजार कापा, सोळा महिने.”

“बसा,” ते म्हणाले. “दोन पासवर्ड एका माणसाकडे ठेवा हे मीच म्हटलं होतं. एका मोबाइलवर दोन कामं, त्याला हो मीच म्हटलं. ऐंशी हजार कंपनीच्या नुकसानीत टाका. एफआयआरची प्रत ऑडिटरला द्या. आणि आता नवीन फॉर्म भरा. भरणार तुम्ही, मंजूर करणार मी. रात्री दोनला ओटीपी विचारलात तरी देतो.”

“आणि एफडीचं व्याज?”

“त्याचं काय?”

“मुदतीआधी मोडली म्हणून वहिनींचं व्याज बुडालं. कंपनीने मुद्दल परत केलं, व्याज कुणी दिलं नाही. चार हजार तीनशे बारा होतात. ते कंपनीचं नुकसान नाही, त्यांच्या घरचं आहे. ते मी भरतो.”

शेठनी हात जोडले. “तुम्ही आणि तुमचा हिशेब. तिच्याशीच बोला, मला मधे घालू नका.”

चार मार्चला, बुधवारी, कामावरून सुटल्यावर मी आणि बायको शेठच्या घरी गेलो. वहिनींनी चहा केला. पैसे घेणार नाही, म्हणाल्या, दोनदा. तिसऱ्यांदा बायको म्हणाली, “घ्या, नाहीतर हे रात्रभर झोपणार नाहीत आणि मलाही झोपू देणार नाहीत.” तेव्हा त्यांनी चेक हातात घेतला, रक्कम वाचली आणि पर्समध्ये ठेवला. माझ्या स्वतःच्या खात्यावरचा चेक. चार हजार तीनशे बारा रुपये फक्त, वहिनींच्या नावे.